दिवस कसे मोजायचे, पॅड कसे मोजायचे: शाळेतल्या मुलींशी पाळीबद्दल बोलताना

प्रश्न: मी पुण्यात एका मराठी शाळेत शिकवते. पुढच्या आठवड्यात सहावी ते आठवीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायचंय. दरवर्षी पॅडवाले येतात, एकेक पाकीट वाटतात आणि जातात, मुलींचे प्रश्न तसेच राहतात. नॉर्मल काय, वापरायचं काय आणि डॉक्टरकडे कधी पाठवायचं हे नीट कसं सांगू?

उत्तर:

ताई, बोलायच्या दोन-तीन दिवस आधी वर्गात एक बंद डबा ठेवा आणि मुलींना नाव न घालता चिठ्ठीवर प्रश्न लिहून टाकायला सांगा. जिला काही विचारायचं नाही तिनेही कोरी चिठ्ठी टाकायची, म्हणजे कोणी लिहिलं ते कोणाला कळत नाही. मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि बरीच वर्षं पुण्यातल्या शाळांमधे हे बोलायला जातेय, हडपसर असो की कोथरूड, चिठ्ठ्यांमधे फिरून फिरून तेच येतं. "माझी दोन महिने आलीच नाही, मला काही झालंय का?" "एका महिन्यात दोनदा आली." "सगळ्यांची आली, माझी का नाही?" "इतकं रक्त गेलं तर संपणार नाही का?" गर्भाशयाचं चित्र त्यांच्या पुस्तकात असतंच, त्यांना हवं असतं ते माझं जे चाललंय ते ठीक आहे का एवढ्याचं उत्तर. आणि ते उत्तर देता येतं, फक्त त्यासाठी मुलीला दिवस मोजता आले पाहिजेत आणि पॅड मोजता आले पाहिजेत, म्हणून मी सगळं बोलणं या दोनच गोष्टींभोवती ठेवते.

सहावीतल्या बऱ्याच मुलींची अजून आलेली नसते, त्यांच्यापासून सुरुवात करा. छातीची वाढ सुरू झाली की साधारण दोन ते अडीच वर्षांनी पहिली पाळी येते, हे सांगितलं की मुली मनातल्या मनात हिशोब घालतात आणि अर्धी भीती तिथेच जाते. पाळीच्या आधी काही महिने चड्डीवर पांढरट किंवा पिवळसर डाग दिसायला लागतात, वास नसेल, खाज नसेल तर ते ठीकच आहे, शरीर तयारी करतंय एवढाच त्याचा अर्थ. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगा कारण ती कोणीच सांगत नाही, पहिली पाळी बऱ्याचदा लाल नसते. चॉकलेटी, काळपट, थोडासा डाग, एवढंच. जाहिरातीत आणि चित्रात लाल बघितलेलं असतं त्यामुळे मुलीला वाटतं हे काहीतरी भलतंच आहे, शी लागली की काय, आणि ती चड्डी लपवते किंवा गुपचूप धुऊन टाकते. रक्त हळूहळू बाहेर आलं की रंग गडद होतो, बाकी काही नाही. दप्तरात एक पॅड, एक जास्तीची चड्डी आणि जुन्या वर्तमानपत्राचा तुकडा एका छोट्या पिशवीत कायम ठेवायचा, आली नसेल तरी ठेवायचा, मैत्रिणीला तरी उपयोगी पडतो.

उशीर कधी म्हणायचा? १३ पूर्ण झाली तरी छातीची वाढच सुरू नाही, किंवा वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली, किंवा १५ वर्षं पूर्ण झाली आणि पाळी नाही, तर दाखवायचं. उलट बाजूला, आठ वर्षांच्या आत छातीची वाढ किंवा दहाच्या आत पाळी आली तरी दाखवायचं. आणि एक थोडं वेगळं चित्र आहे जे घरात सहसा ओळखलं जात नाही, मुलगी १३-१४ची आहे, बाकी वाढ छान झालीय, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला तीन-चार दिवस ओटीपोटात जोरात दुखतं आणि आपोआप थांबतं. घरचे गॅस म्हणतात, जंत म्हणतात. अशा वेळी कधीकधी पाळी आत सुरू झालेली असते पण बाहेर यायला वाटच नसते, योनीच्या तोंडाशी पडदा पूर्ण बंद असतो आणि रक्त आत साठत जातं. छोट्याशा ऑपरेशनने हे बरं होतं, पण वेळेत लक्षात यायला हवं.

आता दिवस मोजणं, आणि इथे घाई करू नका, एक अख्खा फळा यासाठी द्या. बहुतेक मुली आणि खरं सांगायचं तर त्यांच्या आयासुद्धा चुकीच्या ठिकाणाहून मोजतात, पाळी संपली त्या दिवसापासून पुढची सुरू होईपर्यंत. मोजायचं ते पहिल्या दिवसापासून पुढच्या पहिल्या दिवसापर्यंत. नुसता डाग लागला तो दिवस धरायचा नाही, पॅड लागेल इतकं रक्त ज्या दिवशी आलं तो पहिला दिवस. मी फळ्यावर एका सातवीतल्या मुलीच्या तारखा लिहिते, पहिली पाळी येऊन तिला सहा-सात महिने झालेत असं समजा. ३ जूनला आली, मग १२ जुलैला, मग ४ ऑगस्टला, मग १६ सप्टेंबरला. मुलींनाच मोजायला लावते. जून तीसचा, म्हणजे ३ जून ते १२ जुलै ३९ दिवस, पुढचं अंतर २३ दिवस, त्याच्या पुढचं ४३. मग विचारते, हे नॉर्मल का? सगळ्या वर्गाचं उत्तर नाही असंच येतं. तर हे पूर्ण नॉर्मल आहे. पहिल्या एक-दोन वर्षांत २१ ते ४५ दिवसांमधलं कुठलंही अंतर चालतं आणि दर वेळी तेच असायला पाहिजे असंही नाही. २८ दिवस हा आकडा मुलींच्या डोक्यात इतका पक्का बसलेला असतो की २९व्या दिवशी रडवेल्या होतात. साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकींचं अंतर २१ ते ३५च्या आसपास येऊन स्थिरावतं, काहींना त्याहूनही वेळ लागतो.

आणि ती "महिन्यात दोनदा" वाली चिठ्ठी, तिचं उत्तरही याच फळ्यावर मिळतं. २ जुलैला आली आणि २८ जुलैला परत आली, कॅलेंडरच्या एकाच पानावर दोन गोल म्हणून घरात सगळे घाबरले, पण मोजलं तर २६ दिवस, अगदी व्यवस्थित. खरी काळजीची गोष्ट वेगळी आहे, दोन पहिल्या दिवसांमधे २१ पेक्षा कमी अंतर, आणि तेही परत परत.

असं मागेपुढे का होतं हे मुलींना थोडक्यात सांगाच, कारण कळलं की त्या स्वतःला आजारी समजत नाहीत. मेंदूतून बीजकोषाला संदेश जातात आणि त्यानुसार दर महिन्याला बीज बाहेर पडतं, पण सुरुवातीच्या वर्षांत हे संदेश नियमित झालेले नसतात आणि बऱ्याच महिन्यांत बीज बाहेरच पडत नाही. बीज बाहेर पडल्यावर जे प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं ते मग मिळत नाही, गर्भाशयाचं अस्तर वाढतच राहतं आणि कधीतरी आपल्याआपण सुटायला लागतं, कधी लवकर, कधी उशिरा, कधी थोडं, कधी जास्त. म्हणून आठवीतल्या मुलीची पाळी तिच्या आईसारखी घड्याळ लावून येत नाही.

पण सुरुवातीला असंच असतं म्हणून वाटेल तितकं थांबायचं असंही नाही. सलग तीन महिने, म्हणजे ९० दिवस पाळी आली नाही तर एकदाच झालं असलं तरी डॉक्टरला दाखवायचं. आणि आधी नियमित येत होती ती अचानक पार विस्कटली तरी दाखवायचं. कारणं बरीच असतात, थायरॉईड, झपाट्याने वजन कमी होणं, स्पर्धेसाठी खूप व्यायाम आणि त्या मानाने पोटात अन्न कमी. ॲथलेटिक्स, जिम्नॅस्टिक्स करणाऱ्या मुली तुमच्या वर्गात असतील तर त्यांना हे मुद्दाम सांगा, पाळी थांबली म्हणजे ट्रेनिंग छान चाललंय असं कोणीतरी त्यांच्या डोक्यात घालतं, ते खरं नाही, हाडं कमकुवत होतात त्याने.

इथेच पीसीओडीबद्दल बोलते कारण याचा मला मनापासून त्रास होतो. नववीतली मुलगी, पाळी येऊन दीड वर्ष झालेलं, एकदा दोन महिने उशीर झाला म्हणून कोणीतरी सोनोग्राफी करून घेतलेली, रिपोर्टमधे बीजकोषात लहान लहान फॉलिकल्स दिसतात असं लिहिलेलं, आणि ते कागद घेऊन आई रडत येते की हिला पुढे मूल होणार नाही. या वयात बीजकोष तसेच दिसतात. पीसीओडीलाच पीसीओएस म्हणतात, त्याबद्दलच्या २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमधे स्पष्ट लिहिलंय की पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएसचं निदान करायचं नाही, आणि २०२३ च्या सुधारित सूचनांमधेही किशोरवयीन मुलींसाठी सोनोग्राफी आणि एएमएच या दोन्ही टेस्ट निदानाला वापरू नका असंच म्हटलंय. या वयात निदान होतं ते दोन गोष्टी एकत्र असतील तर, वयाच्या मानाने खरोखर अनियमित पाळी, आणि पुरुषी हार्मोन जास्त असल्याच्या खुणा, म्हणजे हनुवटीवर, छातीवर, पोटावर जाड काळे केस, औषधालाही न जुमानणारे पिंपल्स, किंवा रक्ततपासणीत ते हार्मोन वाढलेलं. त्यातही थायरॉईड, प्रोलॅक्टिन वगैरे बाकीची कारणं आधी तपासून बाजूला काढायची. मानेवर काळी जाडसर त्वचा आणि झपाट्याने वाढलेलं वजन असेल तर शुगरच्या दृष्टीनेही बघायला हवं. पण नुसत्या सोनोग्राफीच्या कागदावरून तेरा वर्षांच्या मुलीला आयुष्यभराचं लेबल लावू नका आणि लावून घेऊ नका.

दुसरी गोष्ट, पॅड मोजणं. "जास्त जातं" आणि "कमी जातं" याला काही अर्थ नाही कारण मुलीने दुसऱ्या कोणाचं बघितलेलंच नसतं. मी शाळेत जाताना कोकमाचं पाणी आणि पाच-सहा पॅड घेऊन जाते. एका वाटीत तीन मोठे चमचे पाणी घालून दाखवते, साधारण ४०-४५ मिली, आणि सांगते की एका अख्ख्या पाळीत, चार-पाच दिवस मिळून, बहुतेकींचं रक्त एवढंच जातं. मुलींना वाटत असतं बादलीभर जातं. मग पॅडवर थोडं ओतून दाखवते, एकावर मधे छोटासा डाग, दुसऱ्यावर अर्ध्यापर्यंत, तिसरा कडेपर्यंत भरलेला, आणि यातला तिसरा तोच फक्त 'भरलेला' पॅड म्हणून मोजायचा. जो वेळ झाला म्हणून बदलला तो भरलेला नाही. पाळी दोन ते सात दिवस, पहिले दोन दिवस जास्त, दिवसाला तीन ते सहा पॅड, हे नॉर्मल. दर एक-दोन तासाला पॅड पूर्ण भरत असेल, सात दिवसांच्या वर चालत असेल, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गाठी पडत असतील, रात्री पॅड बदलायला उठावं लागत असेल किंवा अंथरूण खराब होऊ नये म्हणून खाली टॉवेल घालून झोपत असेल, तर जास्त जातंय आणि दाखवायला हवं.

एका मुलीचं सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. आठवीतली, अकरा-साडेअकरा वर्षांची असताना पाळी सुरू झालेली. ती माझ्याकडे पाळीसाठी आलीच नव्हती, शाळेतल्या बाईंनी पाठवली होती कारण ती खडू खाताना सापडली. मी तिला तारखा विचारल्या, अंतर २८ ते ३४, म्हणजे काहीच तक्रार नाही. मग पॅड विचारले. पाळी नऊ दिवस, पहिले तीन दिवस दर दोन तासाला मोठा पॅड कडेपर्यंत भरतो, शाळेत दोन पॅड एकावर एक लावून येते, रात्री दोनदा उठते. आई शेजारीच बसलेली, म्हणाली, "डॉक्टर, आमच्याकडे सगळ्यांचीच अशी असते, माझी पण अशीच, माझ्या आईची पण." आईने हे मला निर्धास्त करायला सांगितलं होतं पण माझे कान तिथेच टवकारले, कारण पिढ्यानपिढ्या सगळ्यांनाच खूप रक्तस्राव होत असेल तर रक्त गोठण्याचा काही आजार घराण्यात असू शकतो. मग विचारलं, उन्हाळ्यात नाकातून रक्त येतं का? येतं, आणि लवकर थांबत नाही. दुधाचा दात काढला तेव्हा? रात्रभर कापूस बदलत बसलो होतो. जरा कुठे आपटलं की काळंनिळं होतं का? होतं.

हिमोग्लोबिन ७.६ आलं. १२ वर्षांच्या पुढच्या मुलीत १२च्या खाली म्हणजे ॲनिमिया. फेरिटिन, म्हणजे शरीरात साठवलेलं लोह, जवळजवळ संपलेलं. खडू, माती, कच्चे तांदूळ, बर्फ खायची इच्छा ही लोह कमी असल्याची खूण असते, ती वाईट सवय म्हणून मुलीला ओरडण्यात काही अर्थ नाही. प्लेटलेट्स ठीक होत्या, रक्त गोठण्याच्या नेहमीच्या दोन टेस्टही ठीक आल्या, आणि बऱ्याच ठिकाणी तपास इथेच थांबतो, पण वॉन विलेब्रँड नावाचा जो आजार आहे त्यात या टेस्ट नॉर्मल येऊ शकतात, त्याची टेस्ट वेगळी करावी लागते आणि कधीकधी परत करावी लागते. हिची ती कमी आली. हा आजार जन्मतःच असतो, मुलगे आणि मुली दोघांनाही होतो, पण मुलींमधे बऱ्याचदा पहिल्यांदा लक्षात येतो तो पाळी सुरू झाल्यावरच. रक्तविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने जास्त रक्तस्रावाच्या दिवसांपुरत्या ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या सुरू केल्या, लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, चहा आणि दुधापासून लांब, शी काळी होईल घाबरू नका हे आधीच सांगून ठेवलं. आणि पोटात दुखलं की घरात जी मेफेनॅमिकची किंवा आयब्युप्रोफेनची गोळी दिली जात होती ती बंद केली, कारण अशा मुलीत ती प्लेटलेट्सचं काम बिघडवते आणि रक्त जास्त जाऊ शकतं, तिला पॅरासिटामॉल. तीन-चार महिन्यांत हिमोग्लोबिन १२च्या वर गेलं, तरी लोहाची गोळी पुढे तीन महिने चालू ठेवली कारण साठा भरून यायला वेळ लागतो. आईचीही टेस्ट केली. आता दात काढायचा असो की ऑपरेशन, आधी सांगायचं हे त्या दोघींनाही माहितीय. शाळेत सरकारकडून आठवड्याला जी निळी आयर्नची गोळी मिळते ती मुलींना घेऊ द्या, उपयोगी आहे, पण हिमोग्लोबिन इतकं खाली असेल तर तेवढ्याने भागत नाही आणि रक्त का जातंय तेही शोधावं लागतं.

म्हणून तुमच्या मुलींना एक छोटी वही किंवा कॅलेंडरच करायला सांगा. तारीख, त्या दिवशी भरलेले पॅड किती, गाठ पडली का, दुखलं किती आणि त्यामुळे शाळा बुडली का. ॲप वापरलं तरी चालेल पण घरातल्या सगळ्यांचा एकच फोन असेल तर वहीच बरी. लक्षात ठेवा, ॲप पुढची जी तारीख दाखवतं ती पहिल्या दोन वर्षांत फारशी खरी ठरत नाही, झालेल्या तारखा लिहायला वापरायचं.

दुखण्याबद्दल फार लांबवत नाही. अस्तर सुटताना प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन तयार होतं, त्याने गर्भाशय आवळतं आणि ओटीपोटात, कमरेत, मांड्यांत दुखतं, कोणाला मळमळतं, जुलाब होतात. सुरुवातीला बऱ्याच महिन्यांत बीज बाहेर पडत नाही त्यामुळे दुखतही कमी, आणि सहा महिने-वर्षाने बीज नियमित बाहेर पडायला लागलं की दुखणं सुरू होतं, त्यामुळे "आधी नव्हतं दुखत, आता दुखतं" याने घाबरायचं नाही. गरम पाण्याची पिशवी खरंच काम करते. गोळी घ्यायची तर डॉक्टरला एकदा विचारून, रिकाम्या पोटी नाही, आणि दुखणं शिगेला जायच्या आधी, पहिल्या कळेलाच. गोळ्या सवयीच्या होतात म्हणून मुलीला कळा काढत बसवू नका, महिन्यातून एक-दोन दिवस घेतलेल्या गोळीची सवय लागत नाही. पण गोळी नीट घेऊनही तीन महिन्यांत फरक नाही, दर महिन्याला शाळा बुडते, पाळी नसतानाही दुखतं, तर ते सहन करायचं नाही, दाखवायचं.

काय वापरायचं हा प्रश्न आईच्या खिशाशी आणि शाळेच्या टॉयलेटशी जोडलेला आहे म्हणून इथे एकच उत्तर सगळ्यांना देऊ नका. पॅड सोपा, पण चार ते सहा तासांनी बदलायचा, भरला नसला तरी. बारा तास चालतो असं पाकिटावर लिहिलं असेल तर ते शोषून घेण्याबद्दल आहे, त्या ओलसरपणात आणि घासण्यात मांड्यांची त्वचा सोलवटते त्याचं काय? सकाळच्या शाळेची मुलगी साडेसहाला घरातून निघते आणि दीडला पोचते, म्हणजे मधल्या सुट्टीत एकदा बदलायलाच हवा, आणि त्यासाठी टॉयलेटला आतून कडी, पाणी आणि झाकणाचा डबा लागतो, हे मुख्याध्यापकांना तुम्हीच सांगा. टॉयलेट घाण म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत आणि मग लघवीला जळजळ घेऊन माझ्याकडे येतात. सुगंधी पॅड नको, त्याने खाज येते.

कापड वाईट असतं असं वर्गात कधीही म्हणू नका, अर्ध्या मुलींच्या घरात तेच असतं आणि त्या मान खाली घालतात. सुती, स्वच्छ कापड किंवा परत वापरायचे शिवलेले पॅड चांगलेच आहेत, त्रास होतो तो वाळवण्यामुळे. आधी गार पाण्यात धुवायचं, गरम पाण्याने डाग पक्का होतो, मग साबण लावून, आणि मग उन्हात वाळवायचं. बाथरूमच्या कोपऱ्यात किंवा दुसऱ्या कपड्याखाली लपवून वाळत घातलं की ते दमट राहतं, बुरशी धरतं, आणि तेच परत वापरलं की खाज. बाल्कनीत बाबा-दादा बघतील ही अडचण असेल तर वर पातळ ओढणी टाका, ऊन आणि वारा लागला पाहिजे. पावसाळ्यात आपल्याकडे चार-चार दिवस ऊन नसतं तेव्हा पूर्ण कोरडं झाल्यावर इस्त्री फिरवायची.

कप आणि टॅम्पॉनबद्दल आठवीच्या मुली हळूच विचारतातच. दोन्ही आत बसवायचे असतात, टॅम्पॉन आठ तासांच्या वर कधीही ठेवायचा नाही, त्याने क्वचित पण गंभीर इन्फेक्शन होऊ शकतं, कप कंपनीने सांगितलं असेल त्याप्रमाणे आठ ते बारा तास आणि प्रत्येक पाळीच्या आधी उकळायचा. तेरा वर्षांच्या मुलीने वापरूच नये असं काही नाही, पण तिला स्वतःला हवं असेल आणि शरीराची नीट ओळख झाली असेल तेव्हा, कोणी सांगितलं म्हणून नाही. त्याने पडदा फाटतो का या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते, पडद्याला मुळातच भोक असतं म्हणून तर पाळी बाहेर येते, प्रत्येकीचा वेगळा असतो, कपने किंवा खेळताना तो ताणला जाऊ शकतो आणि त्यावरून कोणाबद्दल काहीही ठरवता येत नाही. धुवायचं ते फक्त बाहेरून, साध्या पाण्याने, पुढून मागे. आत साबण नाही, मेडिकलमधे मिळणारे वॉश नाहीत.

वापरलेला पॅड कमोडमधे टाकायचा नाही, आणि उघडा कचऱ्यातही नाही. पुण्यात 'स्वच्छ'च्या कचरावेचक ताई दारोदारी येऊन कचरा हाताने वेगळा करतात, आपला पॅड त्यांच्या हातात जातो. कागदात गुंडाळायचा आणि वर लाल ठिपका काढायचा, ही त्यांचीच रेड डॉट मोहीम आहे, म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही. मुलींना एकदा वर्गात गुंडाळून, ठिपका काढून दाखवायला लावा, दोन मिनिटं लागतात.

केस धुवायचे का, लोणच्याला हात लावायचा का, खेळायचं का, या चिठ्ठ्या येतीलच. धुवा, लावा, खेळा. देवाचं मात्र मी घरावर सोडते, वर्गात त्यावर वाद घातला की मुलगी घरी जाऊन आजीशी भांडते आणि पुढच्या वेळी तिला पाठवतच नाहीत.

शेवटी डॉक्टरकडे नेमकं काय होतं तेही सांगा, कारण मुली आणि आया तपासणीच्या भीतीनेच टाळतात. या वयात आतून तपासत नाहीत. बोलणं, वजन, उंची, बीपी, पोटावर हात लावून बघणं, गरज असेल तर रक्त, आणि सोनोग्राफी करावी लागली तर पोटावरून, त्यासाठी भरपूर पाणी पिऊन लघवी थांबवून ठेवायची. बाहेरच्या भागाकडे बघावं लागलंच तर आई शेजारी असते आणि मुलीला विचारूनच. थोडा वेळ मी मुलीशी एकटीशीही बोलते, आईला आधीच सांगून, कारण कोणी त्रास देतंय का हे ती आईसमोर सांगेलच असं नाही. तुम्हाला वर्गात असं काही कळलं तर मात्र ते तुमच्यापाशी ठेवायचं नाही, पोक्सो कायद्याप्रमाणे कळवणं बंधनकारक आहे. खाजगी परवडत नसेल तर ससून आहे, महापालिकेचं कमला नेहरू आहे, तिथे स्त्रीरोग विभागात केसपेपर काढून दाखवता येतं, जाताना ती तारखांची वही न्यायची.

आणि वाट न बघता त्याच दिवशी न्यायचं ते असं, सलग दोन तास दर तासाला पॅड पूर्ण भरतोय, किंवा रक्त जातंय आणि त्याबरोबर चक्कर येतेय, उभं राहिलं की डोळ्यापुढे अंधारी येतेय, मुलगी पांढरी पडलीय, छातीत धडधडतंय, किंवा पोटात अचानक असह्य दुखायला लागून उलट्या सुरू झाल्यात. अशा वेळी शाळा सुटायची वाट बघू नका, घरी फोन करा आणि आई पोचेपर्यंत तुमच्यातल्या एकीने तिला घेऊन हॉस्पिटलला निघा.